बढती झालेल्या मित्राला मनापासून दोन ओळी लिहायच्या तर

प्रश्न : माझा शाळेपासूनचा मित्र बँकेत लिपिक होता, परवा अधिकारी झाला. पोस्टिंग नागपूरबाहेर मिळालंय, गडचिरोली जिल्ह्यात. शाळेच्या ग्रुपवर सगळ्यांनी तेच ते ‘हार्दिक अभिनंदन’ टाकलंय. मला त्याला खरंच मनापासून काही लिहायचंय, पण लिहिलं की तेही कुठून तरी उचलल्यासारखं वाटतं आणि मी खोडतो. काय करू?

उत्तर :

शब्द बदलून हे सुटणार नाही, ते आधी सांगते. ‘हार्दिक’च्या जागी ‘मनःपूर्वक’ आलं किंवा ‘अगदी मनापासून’ आलं, तरी वाचणाऱ्याला तिन्ही सारखेच लागतात. मी नागपुरात बरीच वर्षं मानपत्रं, निरोप समारंभाची भाषणं आणि अभिनंदनाची पत्रं लिहून देते. येणारा बहुतेक प्रत्येक जण म्हणतो की शब्द सुचत नाहीत. जरा बोलतं केलं की लक्षात येतं, शब्द भरपूर आहेत, पण लिहिताना डोळ्यांसमोर बढती आहे, माणूस नाही. बढतीबद्दल सगळ्यांना एवढंच ठाऊक असतं की ती झाली. तेवढ्याच माहितीवर ग्रुपमधली सगळी मंडळी लिहायला बसली तर सगळ्यांचं एकसारखंच येणार, त्यात त्यांचाही दोष नाही. तुमचा मित्र कसा तिथवर पोचला यातला थोडा भाग मात्र तुम्ही बघितलाय. त्या भागातूनच पत्र निघतं.

तयार वाक्यांकडे एकदा नीट बघा. ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’, ‘अशीच उत्तरोत्तर प्रगती होवो’, ‘यशाची शिखरं गाठत राहा’. सगळी पुढच्या काळाबद्दल बोलतात. पुढचं कोणीच पाहिलेलं नसतं, म्हणून ते कोणालाही कोणाबद्दलही लिहिता येतं. मागच्या काळाबद्दल असं लिहिता येत नाही, तिथे माहिती लागते. लिपिकाचा अधिकारी होणं म्हणजे काय असतं ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. दिवसभर काउंटर सांभाळायचं, कॅश जुळेपर्यंत उठायचं नाही, घरी येऊन पुन्हा पुस्तक उघडायचं. जेएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षेचे आता चार पेपर असतात. बढतीची लेखी परीक्षा वेगळी आणि मुलाखत वेगळी. हे सगळं करताना घरात कोणाचं आजारपण, कोणाचं लग्न, मुलांच्या शाळा चालूच असतात. तुमच्या मित्राला हे महिने पक्के आठवत असणार. ग्रुपवरच्या एकाही मेसेजमध्ये त्यांचा उल्लेख नाही. म्हणून माझा पहिला आग्रह असतो की पत्रातली बरीचशी वाक्यं भूतकाळी असू द्या. शुभेच्छेचं एखादं वाक्य शेवटी आलं तर चालेल.

एक प्रसंग सविस्तर सांगते, म्हणजे हे प्रत्यक्षात कसं होतं ते दिसेल. मागे एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. त्यांची बालमैत्रीण मेडिकलमध्ये अधिपरिचारिका होती, तिला परिसेविका म्हणून बढती मिळाली, म्हणजे ती आता वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. बाईंनी मजकूर लिहून आणला होता :

‘प्रिय मैत्रिणी, परिसेविका या पदावर तुझी पदोन्नती झाल्याबद्दल तुझे हार्दिक अभिनंदन. तुझ्या अथक परिश्रमांचे चीज झाले. रुग्णसेवेचा हा वसा असाच अखंड सुरू राहो. पुढील वाटचालीस खूप खूप शुभेच्छा.’

मजकुरात चूक काहीच नव्हती. पण ‘परिसेविका’ काढून ‘शाखाधिकारी’ घाला, ‘रुग्णसेवा’ काढून ‘ग्राहकसेवा’ घाला, की तुमच्या मित्राला पाठवता येईल. मी हीच पारख लावते. नाव आणि पद बदलून मजकूर दुसऱ्याला जसाच्या तसा बसला, तर त्यात माणूसच आलेला नाही असं समजायचं.

मग मी त्यांना विचारलं, तिला काम करताना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? त्या म्हणाल्या, वडील ॲडमिट होते तेव्हा. वॉर्ड तिचाच होता. मी म्हटलं, तेव्हाचं काय आठवतं? आधी त्या म्हणाल्या, ‘खूप प्रेमळ आहे हो ती, खूप मेहनती.’ इथे बहुतेक जण थांबतात आणि इथेच पत्र फसतं. प्रेमळ, मेहनती, जिद्दी, हसतमुख हे सगळे आपण माणसाबद्दल काढलेले निष्कर्ष असतात. वाचणाऱ्याला आपल्या निष्कर्षाशी देणंघेणं नसतं, तो कशावरून निघाला त्यात त्याला रस असतो. म्हणून पुन्हा विचारलं, ती काय करत होती ते सांगा.

मग त्यांनी सांगितलं. सकाळी ड्युटी बदलताना सिस्टर एकमेकींना ओव्हर देतात, कोणत्या पेशंटला काय चाललंय ते सांगतात. बऱ्याचदा ते टेबलापाशी रजिस्टर बघून होतं. ही मात्र नव्या सिस्टरला घेऊन प्रत्येक खाटेपाशी जायची. बाईंच्या वडिलांना कमी ऐकू यायचं, तर त्यांच्या कानाशी वाकून सांगायची, ‘काका, मी आता घरी चालली. या सिस्टर आहेत आता, काही लागलं तर यांना हाक मारा.’ आणि जाताना त्यांचा चष्मा उशीजवळ, हाताला लागेल असा ठेवायची.

एवढं मिळालं की पत्र जवळजवळ झालंच म्हणा. फक्त आणखी एक विचारलं, या बढतीनं तिच्या रोजच्या आयुष्यात नेमकं काय बदलणार? बाई म्हणाल्या, ‘नाइट सुटणार. इन्चार्जला बहुतेक सकाळचीच ड्युटी असते. लग्न झाल्यापासून कितीतरी दिवाळ्या तिनं वॉर्डात काढल्या.’ पगार, खुर्ची, मान हे सगळं खरंच असतं, पण त्या घरात या बढतीचा अर्थ रात्री घरी असणं हा होता. हे जवळच्या माणसालाच माहीत असतं. शेवटी मजकूर असा झाला :

‘अगं, बातमी कळली तेव्हा मला पहिल्यांदा बाबांचा चष्मा आठवला. रोज सकाळी घरी निघताना तू तो त्यांच्या हाताला लागेल असा ठेवायचीस आणि त्यांच्या कानाशी वाकून पुढच्या सिस्टरची ओळख करून द्यायचीस. तुझी ड्युटी तेव्हा संपलेली असायची. बाबा घरी आल्यावरही तुझं नाव काढायचे. आता अख्खा वॉर्ड तुझ्या हाती आला, तिथल्या पेशंटचं बरं झालं. आणि तुझी नाइट सुटली याचा मला वेगळाच आनंद आहे. या दिवाळीला रात्री तुझ्याकडे फराळाला येते. अभिनंदन गं.’

‘हार्दिक’ कुठेही नाही आणि कोणाला ते आठवणारही नाही. कौतुकाचा एकही शब्द तिला चिकटवलेला नाही. ‘तुझी ड्युटी तेव्हा संपलेली असायची’ हे छोटं वाक्य ‘तू किती निष्ठेनं काम करतेस’ याचं काम करतं आणि ती वाचताना स्वतःच ते समजून घेते. बाई पत्रात आहेत, पण साक्षीदार म्हणून आहेत, वाक्यांमध्ये करणारी बहुतेक ‘तू’ आहे. मजकूर झाला की क्रियापदांवरून नजर फिरवा. ‘मला वाटलं’, ‘मी सांगितलं होतं’, ‘मी तेव्हाच म्हणालो होतो’ अशी ‘मी’ची वाक्यं ‘तू’च्या वाक्यांपेक्षा जास्त झाली असतील, तर ते अभिनंदन आपलंच होऊन बसलंय.

आता तुमच्या मित्राकडे येऊ. कागद घ्या आणि अभिनंदन वगैरे बाजूला ठेवून फक्त आठवा. तो अभ्यास कधी करायचा? पहाटे, की जेवणानंतर, की अभ्यासिकेत जाऊन? त्या काळात तुमच्या भेटी कमी झाल्या का, आणि त्यानं त्या कशा टाळल्या? काउंटरवर बसलेला तुम्ही त्याला कधी पाहिलंय का? नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा तो कॅशला होता का? असेल तर तेव्हाचं तुम्हाला नक्की काहीतरी आठवेल, कारण पाचशे-हजारच्या नोटा घेऊन बँकेपुढे रांगेत आपण सगळेच उभे होतो आणि काउंटरपलीकडची माणसं रात्रीपर्यंत मोजत होती. एखाद्या म्हाताऱ्या माणसाची स्लिप त्यानं भरून दिलेली दिसली असेल, पेन्शनच्या दिवशी कोणाला त्यानं नावानं हाक मारली असेल. मोठा प्रसंग शोधू नका, तो बहुतेक सगळ्यांना माहीत असतो. बारीक आणि तुमच्यासमोर घडलेलं असेल तेच घ्या. आणि एकच घ्या. तीन आठवणी घातल्या की ते निरोपाचं भाषण होतं.

काही आठवलं नाही तर ओढूनताणून रचू मात्र नका. त्याला लगेच कळेल. अशा वेळी खरं तेवढंच लिहायचं : ‘तुझा अभ्यास मी काही पाहिला नाही, पण दोन वर्षं रविवारी तू कट्ट्यावर आला नाहीस, तेव्हा कुठे होतास ते आज कळलं.’ हेही साक्षीदाराचंच वाक्य आहे.

भाषेबद्दल थोडं. एरवी ‘काय बे’ म्हणणारा मित्र अचानक ‘आपली पदोन्नती झाल्याचे समजून अत्यानंद झाला’ असं लिहितो, तेव्हा वाचणाऱ्याला तो मजकूर दुसऱ्याच कोणाचा वाटतो, मग भलेही तो त्यानं स्वतः बसून लिहिलेला असो. तयार मजकुराची ओळख पटते ती सगळ्यात आधी या सुरावरून. मी लोकांना सांगते की लिहू नका, बोला. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर तो समोर उभा आहे असं समजून मोठ्यानं बोला आणि जे तोंडातून निघालं तेच उतरवा. ‘मानलं बे तुले’ असं निघालं तर तसंच राहू द्या, ‘तुला’ करू नका. मात्र तुम्ही दोघं एरवी वऱ्हाडीत बोलत नसाल तर मुद्दाम वऱ्हाडी आणायची नाही, ते सोंग होतं. जसं बोलता तसंच. मोठ्यानं वाचताना जिथे जीभ अडखळते किंवा स्वतःलाच लाज वाटते, ते वाक्य तुमचं नाही, ते काढा.

आता काही छोट्या शब्दांबद्दल, कारण खरी इजा तेच करतात. ‘एकदाचा झालास ऑफिसर’ यातला ‘एकदाचा’ आपण लाडानं म्हणतो, पण आधी परीक्षेत किंवा मुलाखतीत राहिलेल्या माणसाला तो टोचतो. ‘अखेर’ आणि ‘शेवटी’ यांचंही तसंच. ‘तूसुद्धा’ तर अजिबात नको. ‘नशीब काढलंस’ म्हणजे अभ्यास बाजूलाच राहिला. ‘आता काय बुवा, साहेब झालात’ हे समोरासमोर हसून चालतं. लिहिल्यावर त्यातलं हसू निघून जातं आणि अंतर तेवढं उरतं. आणि ‘पार्टी कधी?’ हा प्रश्न अभिनंदनाच्या त्याच मेसेजमध्ये नको. पार्टी जरूर मागा, सावजीत बसून मागा, पण त्या मेसेजचा शेवट मागण्यानं झाला की आधीची चांगली वाक्यं त्याची प्रस्तावना वाटायला लागतात.

आधीच्या अपयशाचा उल्लेख करावा का, हे विचारलं जातं. मी म्हणते, त्यानं स्वतः तुमच्याशी ते बोललेलं असेल तरच, आणि तेही फक्त त्याला एकट्याला लिहिताना. लिहायचं तर तो पडला हे लिहू नका, त्यानंतर त्यानं काय केलं ते लिहा. ‘मागच्या वेळी मुलाखतीत राहिलास त्याच्या दुसऱ्या दिवशी तू नेहमीसारखा साडेनवाला बँकेत निघालेला मला दिसला होतास’ यात राहिल्याची नोंद आहे, पण वाक्य निघण्याबद्दलचं आहे.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात नाजूक गोष्ट पोस्टिंगची आहे आणि ग्रुपवर तिला कोणी हात लावलेला नसेल, किंवा ‘गडचिरोली? अरे बापरे’ असं कोणीतरी टाकलेलं असेल. लिपिकाची बदली सहसा जवळपासच होते, अधिकारी झालं की लांबची बदली नोकरीचाच भाग होतो. म्हणूनच कितीतरी चांगली माणसं बढतीचा फॉर्मच भरत नाहीत. तुमच्या मित्रानं तो भरला, म्हणजे घरात त्यावर बोलणं झालं असणार. आई-वडील कोण बघणार, मुलांची शाळा इथेच ठेवायची का, बायकोची नोकरी इथली असेल तर काय. त्यानं हे तुमच्याशी बोललेलं असेल, तर पत्रात एक ओळ त्याची असायलाच हवी, कारण त्याच्या मनात आज आनंदाशेजारी तेच बसलेलं आहे. पण ती ओळ काळजीची नको, धीर देणारीही नको. ‘काळजी करू नको, सगळं ठीक होईल’ हे पुन्हा तेच, कोणालाही लिहिता येणारं. तुम्हाला करता येईल असं नेमकं एक काम लिहा. ‘काकांना महिन्याच्या तपासणीला मी नेत जाईन, तू तिकडून फक्त तारीख कळव’ असं. मात्र जमणार असेल तरच. न जमणारं वचन लिहिण्यापेक्षा ती ओळ नसलेली बरी.

आणि त्यानं तुमच्याशी यावर अवाक्षरही काढलेलं नसेल, तर तुम्हीही काढू नका. काहींना घरापासून लांब जायचं असतं, काहींना आदिवासी भागातली शाखा मनापासून हवी असते. आपण दुःख गृहीत धरून लिहिलं तर त्याच्या आनंदावर पाणी पडतं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. शाळेपासूनचा मित्र म्हणून मी हे सगळं सांगितलं. तो तुमच्याच शाखेत असता आणि त्याच परीक्षेला तुम्हीही बसला असता, तर मी तुम्हाला लांब पत्र लिहू दिलं नसतं. तिथे भरभरून लिहिलं की दोघांनाही अवघडतं. दोन वाक्यं, एक त्याच्या कामाचं आणि एक अभिनंदनाचं, पुरे. स्वतःच्या राहून जाण्याचा उल्लेख गमतीतही नको, नाहीतर त्याला आनंद सोडून तुमची समजूत काढत बसावं लागतं. वयानं मोठा सहकारी असेल तर ‘तुम्ही’ आणि थोडी शिस्तीची भाषा हेच खरं असतं, तिथे सलगी उसनी वाटते. पण या सगळ्यांत पाहिलेली एक गोष्ट घालायचा नियम तोच राहतो.

लांबी किती असावी? माझ्या अनुभवात पाच ते आठ वाक्यं. फोनच्या पडद्यावर वर-खाली न करता मावेल एवढं. रचनेचा फार विचार करू नका, फक्त सुरुवात ‘अभिनंदन’ या शब्दानं करू नका. त्या शब्दानं सुरू झालेला मेसेज माणूस अर्धा वाचून पुढे जातो, कारण पुढे काय असणार ते त्याला त्या दिवशी पाठ झालेलं असतं. पाहिलेल्या गोष्टीनं सुरुवात करा आणि अभिनंदन शेवटी किंवा मध्ये येऊ द्या. ते गाळू मात्र नका. काही जण वेगळेपणाच्या हट्टापायी तो शब्दच टाळतात आणि वाचणाऱ्याला चुकल्यासारखं होतं.

तुमच्यासाठी मी एक कच्चा मजकूर करून देते. यातली आठवण मी कल्पनेनं घातली आहे, त्यामुळे हा पाठवू नका. आकार बघा आणि तुमची खरी आठवण तिथे ठेवा :

‘काल तुझ्या घरावरून गेलो तर वरच्या खोलीतला लाइट बंद होता. गेले दोन हिवाळे मी सकाळी फिरायला निघायचो तेव्हा तो चालू असायचा आणि मला वाटायचं, हा झोपतो कधी. त्या थंडीत पांघरूण सोडून तू पुस्तक घेऊन बसत होतास, आणि पुन्हा दहाला काउंटरवर. आम्हाला एका शब्दानं बोलला नाहीस. झालास बे ऑफिसर, आणि तुझ्या हिमतीवर झालास. अभिनंदन, भाऊ. काकूंकडे दर रविवारी चक्कर मारत जाईन, तू तिकडचं बघ.’

ग्रुपवर काय करायचं तेही सांगते. तिथे इतरांसारखंच एका ओळीचं अभिनंदन आजच टाका. तिथे न दिसणं लोकांच्या लक्षात येतं आणि त्याच्याही येऊ शकतं. हा मजकूर मात्र ग्रुपवर चुकूनही नको. त्यात त्याच्या घरातलं आहे, आणि सगळ्यांसमोर वाचलं की त्याला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. तो फक्त त्याला पाठवा, आणि घाईनं आज नको. सध्या त्याचा फोन तासाला भरतोय, तुमचं त्यात बुडेल. दोन-चार दिवस गेले की मेसेज आटतात. बँकेतला माणूस म्हणजे संध्याकाळी कॅश बंद झाल्यानंतरची वेळ धरा, नाहीतर दुसरा किंवा चौथा शनिवार, तेव्हा त्याला सुटीच असते. आठवडा उलटला तरी बिघडत नाही आणि उशिराबद्दल माफी मागायचीही गरज नाही. फक्त इथून रिलीव्ह होण्याआधी त्याच्या हाती पडू द्या. एकदा तो सामान बांधायला लागला की तिकडची खोली, जॉइनिंग आणि सोडायचे हिशेब यांतच गुंतेल.

त्याचं उत्तर एका हात जोडल्याच्या चित्रापुरतं आलं तर खट्टू होऊ नका. अशा मजकुराला लगेच काय लिहावं ते बऱ्याच जणांना कळत नाही. तो गडचिरोलीला पोचला की पहिल्या महिन्यात एकदा फोन करा आणि तेव्हा बढतीचं काढू नका, शाखा कशी आहे, जेवणाची सोय काय झाली, तेवढंच विचारा.